रोज सकाळ समेवर: शाडूच्या गणपतीचा जवळजवळ निःशब्द टाइमलॅप्स

आषाढात कोल्हापूरच्या शाहूपुरी, गंगावेश किंवा बापट कॅम्पच्या कुंभारवस्तीत गेलात, तर एकाच खोलीत मूर्तीच्या सगळ्या अवस्था दिसतात. दाराशी मळलेल्या शाडूचा ढीग, मधे साचे, मागच्या फळ्यांवर वाळत ठेवलेले ओले गणपती आणि एका कोपऱ्यात रंगाचे डबे. टाइमलॅप्स करायला याहून चांगला विषय शोधून सापडणार नाही. तरी असे बहुतेक व्हिडिओ एकसारखे निघतात. दोन तासांचं काम भराभर पळवलेलं, खाली एखादं गाजलेलं गाणं आणि पडद्यावर सतत मजकूर: ‘आता माती मळतोय’, ‘आता साच्यात भरतोय’. जे डोळ्यांना दिसतंय तेच शब्द सांगतात, आणि गाण्याचा चित्राशी काही संबंध नसतो.

इथे एकाच मूर्तीचा, सुमारे एक फुटी शाडूच्या गणपतीचा, एक मिनिटापेक्षा थोडा लहान व्हिडिओ कसा बांधायचा ते सांगतो. त्यात निवेदन नाही, पडद्यावर फक्त चार कॅप्शन आहेत, बाकी सगळं ठेका सांगतो. सगळी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे: ताल आधी ठरवायचा आणि कॅमेऱ्याचा इंटरव्हल, म्हणजे दोन फोटोंमधलं अंतर, त्या तालातून काढायचं. बहुतेक लोक आधी शूट करतात आणि मग गाणं शोधतात. तिथून पुढे चित्र आणि संगीत जुळवायचं म्हणजे नुसती ओढाताण होते.

आधी हिशेब

आपण आठ मात्रांचा, केरव्याच्या अंगाचा साधा ठेका घेऊ. पहिल्या मात्रेला सम, पाचव्या मात्रेला खाली. लय मिनिटाला 100 मात्रांची आणि व्हिडिओ सेकंदाला 30 फ्रेमचा. म्हणजे एक मात्रा 0.6 सेकंदाची, बरोबर 18 फ्रेमची. आठ मात्रांचं एक आवर्तन 4.8 सेकंदांचं, 144 फ्रेमचं. अशी बारा आवर्तनं घेतली की व्हिडिओ 57.6 सेकंदांचा होतो.

100 हा आकडा मुद्दाम घेतला आहे. 30 फ्रेमच्या व्हिडिओत 75, 90, 100 आणि 120 या लयींना एका मात्रेत पूर्ण फ्रेम बसतात (अनुक्रमे 24, 20, 18 आणि 15). 95 ची लय घेतली तर एका मात्रेला 18.95 फ्रेम येतात. तुम्ही प्रत्येक तुकडा 19 फ्रेमचा कापत गेलात, तर बाराव्या आवर्तनाच्या शेवटी चित्र ठेक्याच्या पाच फ्रेम मागे पडलेलं असतं. पाच फ्रेम ऐकायला किरकोळ वाटतात, पण हलगीचा ठोका आधी आणि साचा उघडणं नंतर, एवढा फरक बघणाऱ्याला जाणवतो. काय चुकलंय हे त्याला सांगता येत नाही, पण काहीतरी सैल आहे हे कळतं.

आता या हिशेबातला सगळ्यात कामाचा भाग. एका दिवसात 1440 मिनिटं असतात आणि एका आवर्तनात 144 फ्रेम. म्हणून वाळणाऱ्या मूर्तीचा दर दहा मिनिटांनी एक फोटो घेतला, तर एक दिवस म्हणजे बरोबर एक आवर्तन होतं. एक मात्रा म्हणजे तीन तास. पहिला फोटो सकाळी सहाला घेतला की रोजची सकाळ समेवर येते आणि संध्याकाळचे सहा खालीवर. आषाढात आपल्याकडे अंधार सातनंतर पडतो, म्हणजे उजेड खालीनंतर जेमतेम अर्ध्या मात्रेत विझायला लागतो. तीन दिवस वाळणं म्हणजे तीन आवर्तनं. ‘पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस’ असं लिहायची गरजच उरत नाही. बघणारा दिवस कानाने मोजतो.

हलगी मुद्रित करताना

सिनेमाचं गाणं लावलं तर हक्कांच्या कारणाने आवाज बंद केला जाण्याची शक्यता असते, शिवाय त्याची लय तुमच्या हातात नसते. आपल्या गावात हलगी वाजवणारे आहेत. एखाद्या वादकाला योग्य बिदागी देऊन तासभर बोलवा आणि स्वतःचा ठेका मुद्रित करून घ्या.

हलगीवाल्याचा हात रंगला की लय आपोआप वाढते. मिरवणुकीत ती वाढावीच लागते, इथे ती वाढून चालत नाही. म्हणून त्यांच्या एका कानात इयरफोन देऊन मेट्रोनोम ॲपवर 100 ची टिकटिक सुरू ठेवा. मिनिटाला शंभर मात्रा म्हणजे हलगीला बरीच संथ चाल वाटेल, पण ते प्रत्येक मात्रेत दुप्पट बोल भरतील आणि ठेका भरगच्च ऐकू येईल. त्यांना आधी हात मोकळा करू द्या, मग टिकटिकीवर आणा.

तीन वेगळे तुकडे घ्या. पहिला, पूर्ण ठेका सलग दोन-तीन मिनिटं. त्यातली सगळ्यात स्थिर आवर्तनं निवडता येतात. दुसरा, विरळ ठेका: समेवर एक भारदस्त ठोका, मधल्या मात्रांना काडीचा हलका स्पर्श आणि खालीवर काहीच नाही. हा वाळण्याच्या तीन दिवसांसाठी. तिसरा, सुटे ठोके, प्रत्येकानंतर नाद पूर्ण विरेपर्यंत थांबून. यातला एक शेवटी लागतो.

हलगीचा आवाज फोनच्या माइकला फार मोठा होतो. फोन जवळ ठेवला तर ठोक्याचं टोक फाटतं आणि ऐकताना तडतड येते. नंतर आवाज कमी करून ती जात नाही. फोन आठ-दहा फूट लांब, थोडा बाजूला, कापडाच्या घडीवर ठेवा. पत्र्याच्या शेडखाली मुद्रण करू नका, कारण पत्रा प्रत्येक ठोक्याला उत्तर देतो. पावसाळ्यात हलगीचं चामडं सैल पडतं, म्हणून वादक ती शेकून घेतात. दोन तुकड्यांच्या मधे ती पुन्हा शेकायला वेळ द्या, नाहीतर एकाच व्हिडिओत हलगीचा सूर खाली उतरलेला ऐकू येतो.

बारा आवर्तनांत काय काय

शूट करण्याआधी कागदावर बारा चौकोन काढा. एक चौकोन म्हणजे एक आवर्तन. या मूर्तीसाठी मी ते असे भरेन.

पहिल्यात हलगी नाही. मळलेल्या शाडूचा गोळा फळीवर आपटतो, खऱ्या वेगात, त्याच्या खऱ्या आवाजासह. दोन-तीन वेळा आपटतो, आणि दुसऱ्या आवर्तनाच्या समेला जो गोळा आपटतो त्याच क्षणी हलगी सुरू होते. दुसऱ्यात मळणं वेगात. तिसऱ्यात साच्यात माती दाबणं. चौथ्यात साचा उघडणं, पुन्हा खऱ्या वेगात. पाच आणि सहा ही दोन आवर्तनं हात, कान, सोंड जोडण्याची आणि ओल्या ब्रशने सांधे पुसून गुळगुळीत करण्याची. सात, आठ, नऊ म्हणजे वाळण्याचे तीन दिवस. दहाव्यात रंग: पांढऱ्या रंगाचा पहिला थर, अंगाचा रंग, पीतांबर, दागिने, दर दोन मात्रांनी एक तुकडा. अकराव्यात डोळ्यांची आखणी, खऱ्या वेगात, हलगी थांबलेली. बाराव्यात पूर्ण झालेली मूर्ती इतर मूर्तींच्या रांगेत आणि एक सुटा ठोका.

यातली तीन आवर्तनं पूर्ण खऱ्या वेगात आहेत, आणि ती तशीच हवीत. टाइमलॅप्स ज्या गोष्टी हळू बदलतात त्यांच्यासाठी असतो: ओल उडणं, ढीग कमी होणं, मूर्तीला अवयव येणं. हाताची लकब त्यात मरते. आखणी करताना कारागीर हात स्थिर ठेवून, श्वास आवरून एका दमात भुवईची रेघ ओढतो. ती पळवली तर पडद्यावर रेघ फक्त उगवते. ती कुणी ओढली हे दिसतच नाही. साचा उघडण्याचंही तेच. आधीचा ताण आणि मग माती सुटणं हे सगळं दीड-दोन सेकंदांत घडतं, त्यातलं काहीच गाळता येत नाही.

मळणं आणि साचा भरणं यांचं साधं चालू चित्रण घ्या आणि संकलनात आठपट वेग द्या. त्यापुढे गेलात की बोटं ओळखू येत नाहीत. आठपटीने एका आवर्तनात सुमारे 38 सेकंदांचं काम मावतं, तेव्हा संबंध काम न दाखवता त्यातला नेमका तुकडा निवडावा लागतो. जोडकामासाठी मात्र दर पाच सेकंदांनी एक फोटो घ्या. 24 मिनिटांत 288 फोटो होतात आणि तेवढ्याच फ्रेम दोन आवर्तनांना लागतात. यात हात सावलीसारखे येतील-जातील, पण मूर्ती शांतपणे वाढताना दिसेल. या भागात तेच हवं आहे, म्हणून चौकट हातांवर न लावता मूर्तीवर लावा.

तीन दिवसांचा फोटो

सगळ्यात अवघड काम हे आहे, आणि यात कारागिराची परवानगी फक्त तोंडदेखली घेऊन भागत नाही. हंगामात फळ्या भरलेल्या असतात, मूर्ती सतत इकडून तिकडे हलतात. तुम्हाला तीन दिवस न हलणारी एक फळी आणि तिच्यासमोर फोनला जागा हवी असते. गणेश चतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात हे मागूच नका. आषाढाच्या सुरुवातीला विचारा. ‘मामा, ही एक मूर्ती तीन दिवस हितंच ठेवली तर चालंल का?’ असं नेमकं विचारलं की उत्तरही नेमकं मिळतं: ‘चालतंय की. पर उद्या हिकडची मांडणी हलणार हाय, त्या भिंतीकडं लाव.’ त्यांनी दाखवलेली जागाच घ्या. मूर्ती ज्या साच्यातून येते तो साचा त्यांच्या मेहनतीचा असतो, म्हणून साच्याची आतली बाजू दाखवली तर चालेल का, हेही त्याच वेळी विचारा.

एखादा जुना ॲन्ड्रॉइड फोन या कामी लावा. त्यात ओपन कॅमेरा हे मोफत ॲप घेतलं की ठरावीक वेळाने आपोआप फोटो घेत राहण्याची सोय मिळते. फोनमधला तयार टाइमलॅप्स इथे वापरू नका. काही फोनमध्ये चित्रण लांबलं की इंटरव्हल आपोआप बदलतो, मग दिवस आवर्तनात बसत नाही. फोन एअरप्लेन मोडवर, चार्जरला जोडलेला, पडद्याचा उजेड अगदी कमी आणि आपोआप होणारे अपडेट बंद. भिंतीला खिळे ठोकण्यापेक्षा लाकडी ठोकळ्याला क्लॅम्प लावून फोन घट्ट बसवा, आणि फळीवर मूर्तीचा पाट जिथे आहे तिथे खडूने खुणा करा. कुणाचा धक्का लागून पाट सरकला तर तो परत त्याच जागी ठेवता येतो.

तीन गोष्टी कुलूपबंद करायच्या: फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स. त्या आपोआप राहू दिल्या तर फोन दर फोटोला नव्याने ठरवतो आणि व्हिडिओ लुकलुकतो. शिवाय इथे एक खास नुकसान होतं. ओली शाडू गडद राखाडी असते आणि वाळली की फिकट होते. हा रंगबदल हीच आपली गोष्ट आहे. आपोआप एक्स्पोजर असलं की फोन मूर्ती फिकट होताना पाहून उजेड कमी करतो आणि तीन दिवसांचा बदल जवळजवळ पुसून टाकतो.

रात्रीसाठी मूर्तीच्या एका बाजूला छोटा एलईडी दिवा तीनही दिवस सतत चालू ठेवा. दिवा नसेल तर रोज रात्री तीनेक मात्रा पडदा काळाकुट्ट राहतो आणि व्हिडिओ अडकला असं वाटतं. दिवा किती जवळ ठेवायचा ते दिवसा खिडकी झाकून तपासा: मूर्ती दिसली पाहिजे, पण दिवसापेक्षा स्पष्टपणे मंद. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने दिव्याचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. शटर 1/50 किंवा 1/100 वर बांधलं की त्याचे पट्टे येत नाहीत. स्वस्त दिव्यांत हे पट्टे जास्त उठतात, तेव्हा आधी दहा-वीस फोटो काढून बघा.

ढगांमुळे दिवसभर उजेड कमीजास्त होईल. त्यातला सावकाश चढउतार राहू द्या, तो पावसाळ्याचा आहे. एकेका फ्रेमला होणारी लुकलुक मात्र संगणकावर कमी करता येते. विंडोजमध्ये सगळे फोटो नावानुसार लावून निवडा, पहिल्या फोटोवरून नाव बदला आणि `valan` असं द्या. ते `valan (1).jpg`, `valan (2).jpg` असे क्रमाने होतात. मग त्याच फोल्डरमध्ये एफएफएमपेग या व्हिडिओ बनवणाऱ्या मोफत प्रोग्रॅमची ही आज्ञा चालवा:

```
ffmpeg -framerate 30 -i "valan (%d).jpg" -vf "deflicker=size=10,scale=1080:-2" -pix_fmt yuv420p valan.mp4
```

432 फोटोंचा 14.4 सेकंदांचा व्हिडिओ तयार होतो. त्याची लांबी आधी पाहा. ती कमी भरली तर फोटो सुटले आहेत, आणि ते कुठे सुटले हे मूळ फोटोंच्या वेळांवरून शोधता येतं. म्हणून नावं बदलण्याआधी मूळ फोटोंची एक प्रत ठेवा. तासभर वीज गेली तर दिवा विझतो, पण फोन बॅटरीवर चालू राहतो. रात्रीचा एक तास म्हणजे सहा काळ्या फ्रेम, मात्रेचा एक तृतीयांश. त्यांच्या जागी आधीचा चांगला फोटो सहा वेळा ठेवा. सुटलेल्या फोटोंनाही तोच उपाय, कारण आकडा 432 राहिला नाही तर पुढच्या सगळ्या सकाळी समेवरून सरकतात.

मूर्ती वाळते कशी हे कळलं की चौकट कुठे लावायची तेही कळतं. पातळ भाग आधी वाळतात: कानांच्या कडा, बोटं, सोंडेचं टोक. पोट आणि बैठक शेवटी. फिकट रंग कडांकडून आत सरकत येतो, आणि हेच पाहण्यासारखं असतं. म्हणून मूर्ती पूर्ण समोरून न घेता किंचित बाजूने घ्या, एक कान आणि पोट दोन्ही दिसतील असं. पातळ आणि जाड भाग जिथे मिळतात तिथे आकसण्यातला फरक पडून कधीकधी तडा जातो. तसा तडा चित्रित झाला तर तो कापू नका. कारागीर तो ओल्या मातीने भरतो, आणि भरतानाचा फोटोही तुमच्याकडे आलेला असतो. सुकवण्याची घाई का करत नाहीत हे त्या चार-पाच फ्रेममध्ये कळतं. भर पावसाळ्यात तीन दिवसांत मूर्ती पूर्ण वाळत नाही, रंगाला घ्यायला आणखी काही दिवस जातात. आपण पहिले तीन दिवस घेतो कारण रंग सगळ्यात जास्त त्याच काळात बदलतो.

आणि पंचगंगेकडे लक्ष असू द्या. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की नदीच्या बाजूच्या वस्त्यांत मूर्ती हलवायची तयारी सुरू होते. 2019 आणि 2021 च्या पुरांनंतर तर कुणीच वाट बघत बसत नाही. त्या वेळी आपला फोन काढून घ्यायचा आणि मूर्ती उचलायला हात लावायचा. फोटो पुन्हा घेता येतात.

चार कॅप्शन

कॅप्शनसाठी माझी एकच कसोटी आहे: चित्रात न दिसणारी आणि ठेक्यातून न कळणारी गोष्टच लिहायची. ‘माती मळताना’ हे दिसतं. ‘तीन दिवसांनी’ हे ठेका सांगतो. मग उरतं काय? मातीचं नाव, महिना, हवामान आणि पुढे येणाऱ्या क्षणाचं महत्त्व. या व्हिडिओची चार कॅप्शन अशी होतात.

दुसऱ्या आवर्तनात: ‘शाडू’. बस. नुसती माती पाहून ती कसली हे परगावच्या माणसाला कळत नाही.

सातव्यात, वाळायला ठेवल्यावर: ‘आषाढ’. या एका शब्दात बाहेरचा पाऊस येतो, आणि चतुर्थी अजून लांब आहे हेही येतं.

आठव्यात: ‘ऊन नाही’. मूर्ती अजून ओलीच का, याचं हे उत्तर. आणि शाडू कडक उन्हात ठेवतही नाहीत, सावलीतच वाळवतात, हे जाणणाऱ्याला त्यात दुसरा अर्थही मिळतो.

दहाव्याच्या शेवटी: ‘आता डोळे’. हे कॅप्शन आखणीच्या आधी येतं. आखणी चालू असताना पडद्यावर एकही अक्षर नको, कारण तिथे नजर ब्रशच्या टोकावरून हलता कामा नये.

वेळेबद्दल: समेवर चित्र बदलतं, तेव्हा डोळा नवं चित्र वाचत असतो. त्याच क्षणी कॅप्शन आणलं तर दोन्ही हुकतात. म्हणून कॅप्शन तिसऱ्या मात्रेला आणा आणि सातवी संपताना घालवा. पाच मात्रा म्हणजे तीन सेकंद, दोन शब्दांना भरपूर. दहाव्या आवर्तनात चित्र दर दोन मात्रांनी बदलतंय, तिथे ‘आता डोळे’ शेवटच्या चार मात्रांत ठेवा आणि त्या चार मात्रांपुरता पीतांबर आणि दागिन्यांचा मिळून एकच तुकडा राहू द्या. कॅप्शन यायला-जायला चार-पाच फ्रेमचा हलका फेड पुरतो. अक्षर-अक्षर टाइप होणारा परिणाम देवनागरीला लावू नका. वेलांट्या आणि जोडाक्षरं अर्धवट अवस्थेत दिसतात आणि ‘आषाढ’चा काना एकटाच उडी मारून येतो.

फॉन्ट म्हणून ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ घ्या. दोन्ही मोफत मिळतात आणि लहान पडद्यावर स्पष्ट दिसतात. ॲप देवनागरी नीट जोडतं का हे पाहायला ‘आर्द्र’, ‘दृष्टी’, ‘शिल्प’ हे शब्द टाइप करून बघा. र्‍हस्व वेलांटी अक्षरानंतर गेली किंवा रफार सुटा पडला, तर ते ॲप सोडा. उभ्या व्हिडिओत खालच्या पाचव्या भागात नाव आणि वर्णन येतं, उजव्या कडेला बटणं येतात. तेवढी जागा मोकळी ठेवा. मूर्ती खाली, कॅप्शन वरच्या तिसऱ्या भागात, ही मांडणी या विषयाला चांगली बसते, कारण फळीवर मूर्तीच्या वर बहुतेक मोकळी भिंत असते.

ठोक्यावर बसवणं

संकलनाला बसताना तारेचे इयरफोन घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा येतो, तुम्ही त्यानुसार चित्र सरकवता आणि दुसऱ्याच्या फोनवर सगळं चुकीचं दिसतं. व्हीएनसारख्या ॲपमध्ये संगीताच्या पट्टीवर बीटच्या खुणा करता येतात. सगळ्या 96 मात्रांना खुणा करू नका, फक्त समेच्या बारा करा आणि ज्या आवर्तनांत मधे तुकडे बदलतात तिथे जास्तीच्या.

खऱ्या वेगातल्या कृतीचा कोणता क्षण ठोक्यावर ठेवायचा, इथे नवे लोक अडखळतात. गोळा आपटण्याच्या दृश्यात हात वर उचलला तिथून तुकडा सुरू करून ती सुरुवात समेवर ठेवली जाते, आणि आपटणं दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेत कुठेतरी पडतं. एकेक फ्रेम पुढे सरकवत माती फळीला टेकते ती फ्रेम शोधा आणि ती समेच्या खुणेखाली आणा. हात उचलणं आधीच्या आवर्तनात जाऊ द्या. साचा उघडतानाही तसंच, दोन भाग सुटून पहिली फट दिसते ती फ्रेम समेवर. मात्र हा तुकडा चौथ्या आवर्तनाचा, म्हणजे फट दिसण्याआधीचा ताण तिसऱ्याच्या शेवटच्या दोन मात्रांत घ्यावा लागतो. तेव्हा तिसऱ्यातला साचा भरण्याचा भाग सहा मात्रांतच संपवा.

नुसतं चित्र बदलण्याचे कट मात्र ठोक्याच्या एक फ्रेम आधी ठेवलेत तरी चालतात, कित्येकदा बरेही दिसतात. ठोक्याच्या नंतर आलेला कट लगेच खटकतो.

प्रत्येक समेवर काहीतरी घडवायचा मोह आवरा. सहाव्या आवर्तनाच्या समेवर काहीच बदलू नका, जोडकाम तसंच चालू राहू द्या. मग सातव्या समेला हलगी विरळ होते आणि अचानक हात नाहीसे होऊन एकटी मूर्ती उरते, त्याचा परिणाम दुप्पट होतो. विरळ ठेक्याच्या खाली पागोळ्यांचा आवाज हलका ठेवा, तिथेच बसून मुद्रित केलेला. अकराव्यात हलगी थांबवताना आवाज हळूहळू कमी करू नका, समेच्या ठोक्यानंतर सरळ तोडा आणि त्या ठोक्याचा नाद आपोआप विरू द्या. खोलीचा साधा आवाज तेवढा राहतो.

तयार झाल्यावर दोन माणसांना दाखवा. एकाला आवाज बंद करून, एकाला कॅप्शन काढून. पहिल्याला मूर्ती वाळायला दिवस लागले हे कळलं पाहिजे. ते उजेडाच्या तीन फेऱ्यांवरून कळतं. त्याला ते कळलं नाही तर दिवा फार प्रखर ठेवला गेला होता आणि रात्र रात्रीसारखी दिसत नाही. दुसऱ्याला विचारा, आखणी येणार हे आधी जाणवलं का. त्याने ‘हो’ म्हटलं, तर चौथं कॅप्शनही काढून बघायला हरकत नाही.

1080 बाय 1920, 30 फ्रेम अशी फाइल काढा. पहिली प्रत कारागिराला पाठवा, आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर दाबलेल्या प्रतीत शाडूचे राखाडी टप्पे एकमेकांत मिसळतात, आणि त्या छटा सगळ्यात आधी त्यांच्याच डोळ्यांना ओळखू येणार असतात.